पंचेचाळीसचे सदुसष्ट झाले तेव्हा: निवृत्तीला तीन वर्षं असताना केलेल्या रिबॅलन्सिंगचं एक प्रकरण

हे प्रकरण उत्तर महाराष्ट्रातल्या एका शहरातल्या जोडप्याचं आहे. ओळख कळू नये म्हणून काही तपशील आणि थोडे आकडे बदलले आहेत, पण प्रमाणं खरी आहेत आणि चुकाही खऱ्या आहेत. त्यातल्या काही माझ्या आहेत. दोघांना इथे दादा आणि वहिनी म्हणतो, कारण प्रत्यक्षातही तसंच म्हणतो.

पार्श्वभूमी

दादा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी. सप्टेंबर २०२४ मध्ये माझ्याकडे आर्थिक सल्ल्यासाठी आले तेव्हा वय ५५, निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे २०२७ मध्ये. वहिनी अनुदानित शाळेत शिक्षिका, वय ५२. त्या १९९८ मध्ये नोकरीला लागल्या, त्यामुळे नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या नेमणुकांना लागू असलेली जुनी पेन्शन त्यांना मिळणार आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. दादांना पेन्शन अशी नाही. पीएफसोबतच्या ईपीएस या पेन्शन योजनेतून महिन्याला पाच-साडेपाच हजार मिळतील, तेवढेच.

दादा हिशेबाचे पक्के. ऑगस्ट २०१९ मध्ये पन्नाशी गाठली तेव्हा त्यांनी कुठेतरी वाचून "शंभर वजा वय" हा नियम स्वीकारला होता: शंभरातून वय वजा करायचं, जे उरेल तेवढे टक्के शेअर बाजारात, बाकीचे सुरक्षित. पन्नासाव्या वर्षी निम्मं-निम्मं. डायरीत त्यांनी तक्ता केला होता. एका बाजूला इक्विटी फंड आणि शेअर मिळून ३५ लाख, दुसऱ्या बाजूला पीएफ, एफडी आणि बचत खातं मिळून ३५ लाख. खाली सुवाच्य अक्षरात: "दर वर्षी १ टक्का कमी."

राहतं घर, गावाकडची जमीन आणि वहिनींचे दागिने या तक्त्यात नव्हते आणि ते बरोबरच होतं. जे विकायचं नाही ते टक्केवारीत धरलं की टक्केवारी छान दिसते आणि उपयोगाला येत नाही.

तक्ता केला आणि डायरी कपाटात गेली. दरमहा ३० हजारांची एसआयपी चालू राहिली, पीएफ कापला जात राहिला. पाच वर्षं कोणी काही हलवलं नाही.

सप्टेंबर २०२४ मधलं चित्र

सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट आणि पीएफचं पासबुक समोर ठेवून आम्ही बेरीज केली. एकूण २ कोटी. त्यातले १ कोटी ३४ लाख इक्विटीत: ७० लाख मोठ्या कंपन्यांच्या लार्ज कॅप आणि इंडेक्स फंडांत, ४६ लाख मध्यम आणि लहान कंपन्यांच्या मिड आणि स्मॉल कॅपमध्ये, १० लाख कर वाचवण्यासाठी घेतलेल्या ईएलएसएसमध्ये आणि ८ लाखांचे थेट शेअर. सुरक्षित बाजूला ६६ लाख: पीएफ ४६, एफडी १७, बचत खातं ३.

म्हणजे इक्विटी ६७ टक्के. डायरीतल्या नियमानं हवी होती ४५. दादांनी आकडा दोनदा तपासला. मग म्हणाले, "पण मी तर काहीच केलं नाही."

नेमकं तेच झालं होतं. पाच वर्षांत निफ्टी अकरा हजारांच्या आसपासवरून सव्वीस हजारांवर गेला, मिड आणि स्मॉल कॅप त्याहून जोरात धावले. पीएफ आपल्या सव्वाआठ टक्क्यांच्या चालीनं चालत राहिला. दोन घोडे एका गाडीला जुंपले आणि एक दुप्पट वेगानं पळाला, तर गाडी आपोआप त्याच्याच बाजूला वळते. पन्नाशीच्या माणसानं निम्मा धोका पत्करायचं ठरवलं होतं. पंचावन्नाव्या वर्षी, निवृत्ती दारात असताना, तो दोन-तृतीयांश धोका घेऊन बसला होता, आणि तोही न ठरवता.

खरा प्रश्न कोणता होता

दादा माझ्याकडे रिबॅलन्सिंगसाठी, म्हणजे बिघडलेला तोल पुन्हा ठरलेल्या प्रमाणात आणायला, आलेच नव्हते. मुलीला ब्रिटनमध्ये एक वर्षाचा मास्टर्स करायचा होता, अभ्यासक्रम सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू होणार होता आणि २५ लाख लागणार होते. कर्ज काढावं की फंडातून द्यावेत, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "फंडात आहेतच की, लागतील तेव्हा काढू," हा त्यांचा कल.

मी विचारलं, कोणत्या फंडातून? उत्तर आलं, स्मॉल कॅपमधून, कारण त्यात सगळ्यात जास्त वाढ झाली आहे.

म्हणजे वर्षभराच्या आत लागणारे पैसे सगळ्यात जास्त हेलकावे खाणाऱ्या जागी होते. २०२० च्या मार्चमध्ये निफ्टी ७६१० पर्यंत घसरला होता याची मी आठवण करून दिली. त्यावर दादांनी ४ जून २०२४ चा दाखला दिला: निकालाच्या दिवशी बाजार जवळपास सहा टक्के पडला आणि त्याच आठवड्यात भरून निघाला. गेल्या चार वर्षांत प्रत्येक घसरण अशी चटकन भरून आलेली त्यांनी पाहिली होती. इक्विटी ६७ टक्क्यांवर जाण्यापेक्षा मला या आत्मविश्वासाची जास्त काळजी वाटली.

जुनी स्टेटमेंटं काढल्यावर हुकलेले दोन प्रसंगही दिसले. मार्च २०२० च्या अखेरीस त्यांची इक्विटी २८ लाख आणि सुरक्षित बाजू ३८ लाख होती, म्हणजे इक्विटी ४२ टक्के. नियमानं एफडी मोडून साधारण ५ लाख इक्विटीत टाकायला हवे होते. तेव्हा का नाही टाकले, हे विचारल्यावर वहिनीच बोलल्या: "अहो, पगार मिळेल की नाही ते माहीत नव्हतं, तेव्हा कोण एफडी मोडतंय?" हे मला मान्य आहे. कागदावर सोपा दिसणारा हा निर्णय नोकरीची खात्री नसताना सोपा नसतो.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०२१ चा. इक्विटी ७२ लाख, बाकी ४५ लाख, म्हणजे ६१ टक्क्यांच्या वर. तेव्हा साधारण १६ लाख हलवले असते तर काम झालं असतं, आणि दीर्घकालीन नफ्यावरचा करही तेव्हा १० टक्केच होता. त्या वेळी न हलवायला मात्र कारण नव्हतं. सगळं वर जात होतं, एवढंच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. त्याची बाजू दादांनी जोरात मांडली: पळत्या घोड्यावरून कशाला उतरायचं? मी एकच हिशेब दाखवला. २०२० सारखी पस्तीस-अडतीस टक्के घसरण आली तर १ कोटी ३४ लाखांतले जवळपास ५० लाख जातात. निवृत्तीला तीन वर्षं असताना ते परत कमवायला पगाराचे फार महिने उरलेले नसतात. इक्विटी ९० लाखांवर असती तर हाच फटका ३३ लाखांचा बसेल. तोही कडूच, पण पचेल असा.

दुसरा पर्याय काहीही न विकता नवे पैसे सुरक्षित बाजूला वळवण्याचा. यात कर नाही, मनालाही बरं वाटतं, आणि तरुणपणी हाच मार्ग उत्तम. दहा लाखांच्या पुंजीत वर्षाला साडेतीन लाख नवे पडत असतील, तर नुसती एसआयपीची दिशा बदलून वर्षभरात तोल साधतो. इथे ते जमत नव्हतं. १ कोटी ३४ लाख ४५ टक्क्यांवर आणायचे, तर सुरक्षित बाजू १ कोटी ६४ लाख हवी. एसआयपी, पीएफ आणि सगळं व्याज मिळून त्या बाजूला वर्षाला जेमतेम साडेदहा लाख पडत होते. म्हणजे पुढची नऊ वर्षं बाजार तसूभरही वाढला नाही, असं धरलं तरच गणित जुळत होतं. पुंजी मोठी झाली की नव्या पैशांचं वजन त्यापुढे टिकत नाही. विकावंच लागतं.

तिसरा पर्याय नियमाप्रमाणे सरळ ४४ लाख विकून ४५ टक्क्यांवर येण्याचा.

आणि चौथा, ज्यावर आम्ही सर्वात जास्त वेळ दिला: ४५ हा आकडा तरी बरोबर आहे का?

शंभर वजा वय या सूत्राला फक्त वय कळतं. वहिनींची पेन्शन त्याला माहीत नाही. २०३० मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांना अंदाजे महिना ४० हजार आणि वर महागाई भत्ता मिळेल. वर्षाला ४ लाख ८० हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या ८.२ टक्के दरानं एवढं व्याज मिळवायला साधारण ५८ लाख ठेवावे लागतात. म्हणजे या घरात न दिसणारी एक मोठी एफडी आहे. ती जमेस धरली तर इक्विटी ६७ नाही, ५२ टक्के भरते.

यावर दादा लगेच म्हणाले, "मग प्रश्नच मिटला!" मिटला नव्हता. पेन्शन दर महिन्याचा खर्च भागवते, पण शस्त्रक्रियेसाठी एकदम आठ लाख लागले तर पेन्शन मोडता येत नाही. शिवाय ती अजून सहा वर्षं दूर होती. म्हणून मी ती पूर्ण धरायला नकार दिला. तिच्या आधारावर लक्ष्य थोडं सैल करणं मात्र योग्य वाटलं. दोघांनाही पेन्शन नसती तर मी ४५ वरूनही खालीच गेलो असतो.

सूत्राला आणखी एक गोष्ट दिसत नाही: सुरक्षित पैशांतला किती हाताशी आहे. ६६ लाखांतले ४६ पीएफमध्ये. तिथे पैसे टाकता येत होते, पण बाजार पडला म्हणून काढून इक्विटीत घालता येत नव्हते. ते एकाच बाजूला उघडणारं दार होतं. त्यामुळे घसरणीत खरेदी करायची वेळ आली तर दादांच्या हातात फक्त १७ लाखांच्या एफडी होत्या. विकून आलेले पैसे पुन्हा पीएफमध्ये ढकलायचे नाहीत, हे त्यामुळे तिथेच ठरलं.

काय ठरलं

आधी मुलीचे २५ लाख पुंजीतून वेगळे काढायचे. ते पोर्टफोलिओचा भागच नाहीत, ते खर्च झालेत असं समजायचं. उरलेल्या १ कोटी ७५ लाखांत इक्विटी ५० टक्के, म्हणजे साडेसत्त्याऐंशी लाख. पाच टक्के इकडे-तिकडे चालेल. ४५ ते ५५ च्या पट्ट्यात असेल तोवर हात लावायचा नाही, पट्ट्याबाहेर गेली की थेट ५० वर आणायची. निवृत्तीनंतर लक्ष्य हळूहळू ४० पर्यंत उतरवायचं.

यासाठी एकूण साडेशेहेचाळीस लाखांची इक्विटी विकावी लागणार होती. गंमत अशी की जुन्या नियमानं विकायचे होते ४४. एवढा खल करून आकडा जवळपास तोच आला. पण आता त्यातला प्रत्येक रुपया कशासाठी विकायचा हे दोघांना माहीत होतं. मार्चमध्ये याचा उपयोग झाला.

मग कराचा प्रश्न आला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात इक्विटीवरच्या दीर्घकालीन नफ्याचा कर १० वरून साडेबारा टक्के झाला होता आणि करमुक्त मर्यादा १ लाखावरून सव्वा लाख. साडेशेहेचाळीस लाखांच्या विक्रीत नफा साधारण ३० लाख निघत होता, कारण एका फोलिओत सगळ्यात जुनी युनिटं आधी विकली जातात आणि जुन्या युनिटांतच नफा जास्त. कर पावणेचार लाखांच्या घरात जात होता.

त्यात आणखी एक अडचण. दादांचं पगार आणि एफडीचं व्याज मिळून करपात्र उत्पन्न साडेएकवीस लाख. त्यात ३० लाखांचा नफा मिळवला की साडेएक्कावन्न लाख. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं की संपूर्ण करावर १० टक्के अधिभार लागतो. इथे तो सुमारे सत्तर हजार होत होता.

म्हणून मी सुचवलं: दोन आर्थिक वर्षांत विभागू या. मुलीचे २५ लाख आत्ता, उरलेले साडेएकवीस लाख एप्रिल २०२५ मध्ये. अधिभार वाचेल आणि सव्वा लाखाची सूटही दोनदा मिळेल. दादांना हे फार आवडलं. कर वाचतोय म्हटलं की आपल्याकडे कोणताही निर्णय पटकन पटतो.

प्रत्यक्ष विक्री

ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात मिड आणि स्मॉल कॅपमधून २५ लाख काढले. आधी तिथूनच का, तर सगळ्यात जास्त फुगलेली जागा तीच होती. लार्ज कॅपमध्ये नफ्याचं प्रमाण कमी असल्यानं तिथून काढले असते तर कर थोडा कमी बसला असता, पण धोका होता तिथेच राहिला असता. जुनी युनिटं आधी जात असल्यानं एक वर्षाच्या आतल्या विक्रीवरचा १ टक्का एक्झिट लोड कुठे लागला नाही. पैसे बँकेत आले आणि त्याच दिवशी नऊ महिन्यांच्या दोन एफडी झाल्या.

एक बारीक गोष्ट आमच्याकडून सुटली. २५ लाखांतल्या १७ लाख नफ्यावर उपकरासह साधारण २ लाख ५ हजार कर होता, आणि तो विक्रीच्या रकमेत धरलाच नव्हता. १५ डिसेंबरच्या आगाऊ कराच्या हप्त्याच्या आधी लक्षात आलं आणि बचत खातं जवळपास रिकामं करून भरला. विकायची रक्कम ठरवताना कर त्यातच मिळवायचा असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, तरी झालं.

एसआयपीही बदलली. मिड-स्मॉल आणि ईएलएसएसमधल्या मिळून १५ हजारांच्या बंद केल्या. दादा नव्या करप्रणालीत गेले होते, तिथे ८० सी ची वजावटच नाही, तरी ईएलएसएसची एसआयपी सवयीनं चालू होती आणि तिचा प्रत्येक हप्ता तीन-तीन वर्षं अडकत होता. ते १५ हजार अल्प मुदतीच्या डेट फंडात, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात, वळवले. एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर स्लॅबनुसार कर लागतो, त्यामुळे कराच्या दृष्टीनं तो एफडीपेक्षा फार सरस नाही. पण कर विकतानाच लागतो आणि हवे तेव्हा हवे तेवढेच काढता येतात. पडत्या बाजारात खरेदीसाठी दारूगोळा म्हणून तो ठेवला.

थेट शेअरना हात लावला नाही. ते दादांच्या वडिलांनी घेतलेले, कागदी प्रमाणपत्रांच्या काळातले. त्यावर चर्चाच झाली नाही आणि मीही काढली नाही.

मार्च २०२५: अवघड वळण

सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात २६,२०० च्या वर गेलेला निफ्टी ४ मार्च २०२५ ला २२,०८२ वर बंद झाला. साधारण १६ टक्के घसरण. मिड आणि स्मॉल कॅप २० टक्क्यांहून जास्त उतरले.

याच आठवड्यांत विद्यापीठाची अनामत भरायची होती, आणि पुढे व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस बँकेत दिसायला हवी होती. हे २५ लाख स्मॉल कॅपमध्ये असते तर वीसच्या आसपास उरले असते, आणि तेव्हाच विकावे लागले असते. एफडी होत्या, त्यामुळे या घरात त्यावर कोणाची झोप उडाली नाही.

उरलेल्या पुंजीचा हिशेब वेगळा. ऑक्टोबरनंतर इक्विटी १ कोटी ९ लाख होती, ती आता ९० लाख. सुरक्षित बाजू ६७ लाख. इक्विटी ५७ टक्के. बाजारानं आमचं थोडं काम स्वतःच केलं होतं, पण अजून पट्ट्याच्या वरच. नियमानं साडेअकरा लाख विकून ५० वर आणायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दादांचा फोन आला. ७ एप्रिलला सकाळी बाजार पुन्हा कोसळून उघडला होता. "आता विकायचं? पडलेल्या भावात? जरा वर येऊ दे ना." मी नियम वाचून दाखवला. ते म्हणाले, "नियम बरोबर आहे हो, पण मन होत नाही." आणि मी म्हणालो, ठीक आहे, जूनपर्यंत थांबू.

हा निर्णय चुकीचा होता. बाजार पुढे पडला असता तर दादा जूनमध्येही हेच म्हणाले असते, तेव्हाही मन झालं नसतं, आणि निवृत्ती आणखी जवळ आली असती. आपण ठरवलेल्यापेक्षा जास्त धोका घेऊन बसलो आहोत हे दिसत असताना "वर येऊ दे" म्हणणं म्हणजे बाजाराचं भाकीत करणं. पट्टा ठरवलाच होता तो असं भाकीत करावं लागू नये म्हणून.

बाजार मात्र वर आला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निफ्टी साडेपंचवीस हजारांच्या आसपास होता, इक्विटी १ कोटी ३ लाख, बाकी ७० लाख, म्हणजे जवळपास ६० टक्के. साडेसोळा लाख विकले, या वेळी निम्मे लार्ज कॅपमधून. दोन्ही बाजू साडेशहाऐंशी लाखांवर आल्या. कर साधारण १ लाख २० हजार, या वेळी विक्रीच्या रकमेत आधीच धरलेला.

दादा अजून म्हणतात, "बघा, थांबलो ते बरं झालं." निकाल त्यांच्या बाजूनं आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

माझी खरी चूक एप्रिलच्या आधीची, ऑक्टोबरमधली आहे.

अधिभाराची रेषा ५० लाखांची, आणि आम्ही ती फक्त दीड लाखानं ओलांडत होतो. ती टाळायला नफ्यातले दीड लाख, म्हणजे साधारण सव्वादोन-अडीच लाखांची विक्री कमी केली असती तरी पुरे होतं. मी मात्र साडेएकवीस लाखांची विक्री पुढे ढकलली. ते अडीच-तीन लाखही ढकलायची गरज नव्हती. वहिनींचे स्वतःच्या पगारातून घेतलेले फंड होते, त्यांच्या नावावर सव्वा लाखाची वेगळी सूट होती. तेवढी विक्री त्यांच्या खात्यातून केली असती तर ऑक्टोबरमध्येच सगळं आटोपलं असतं, अधिभाराशिवाय.

दोन वर्षांत विभागून सूट आणि अधिभार मिळून वाचले पंच्याऐंशी हजार. त्यासाठी साडेएकवीस लाख सहा महिने उघड्यावर ठेवले, आणि मार्चमध्ये त्यांतले साडेतीन लाखांहून जास्त कागदोपत्री गेले होते. परत आले हे नशीब. शिवाय सगळं ऑक्टोबरमध्ये झालं असतं तर मार्चमध्ये इक्विटी ५० च्या खाली गेली असती आणि एप्रिलचा तो फोन वेगळा झाला असता. दादा विकायचं की नाही हे विचारत बसले नसते, कदाचित डेट फंडातून थोडं घ्यायचं का, हे विचारत असते.

दुसरी गोष्ट सवयीची. २०१९ च्या डायरीत टक्के होते, तारीख नव्हती आणि पट्टाही नव्हता. "दर वर्षी १ टक्का कमी" हे वाक्य कोणत्या दिवशी पाळायचं ते लिहिलेलं नसल्यानं ते पाच वर्षांत एकदाही पाळलं गेलं नाही. दर वर्षी फक्त करमुक्त मर्यादेइतका नफा काढत गेले असते, तरी पाच वर्षांत दहा-बारा लाख विनाकर सुरक्षित बाजूला गेले असते. त्यानं सगळा तोल साधला नसता, पण २०२४ चा डोंगर तेवढा कमी झाला असता.

आता लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर लक्ष्य, पट्टा आणि वर्षातून दोन तारखा: १ जुलै आणि १ डिसेंबर. मधल्या काळात पाहायचं नाही. कोणत्या फंडातून आधी विकायचं आणि बाजार पडला तर कुठून आणायचं, तेही लिहिलं आहे. एप्रिल २०२५ पासून दादांनी ऐच्छिक पीएफ महिना साडेबारा हजारांनी वाढवला. त्यांच्या कंपनीत हा बदल एप्रिलमध्येच करता येतो. रक्कम एवढीच, कारण स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं की वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो. हे पैसे पगारातले आहेत, विक्रीतले नाहीत, म्हणून त्या एका बाजूच्या दाराचा नियम मोडला नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस निफ्टीनं सप्टेंबर २०२४ चा उच्चांक ओलांडला. त्या आठवड्यात मी दादांच्या फोनची वाट पाहत होतो. १ डिसेंबरला वहिनींचा मेसेज आला, कागदाच्या फोटोसह. फोटोत पेन्सिलीनं इक्विटी ८९, बाकी ९०, आणि बाजूला एक टिक. खाली लिहिलं होतं: "५० टक्के. काही करायचं नाही ना?"

मी लिहिलं, नाही.